रंग सर्वांत शेवटी
आमच्या आईच्या स्वेटरचा रंग लोकरीचे गुंडे घेतानाच ठरून जाई. मागाहून नापसंत पडला तर उसवण्यावाचून गत्यंतर नसे. इटलीतल्या बेनेटन भावंडांची अडचण हीच, पण हजारोंच्या संख्येत. रंगीत लोकर विणावी, आणि हंगामात गिऱ्हाइकाने भलताच रंग मागावा! १९७२ च्या सुमारास त्यांनी क्रमच उलटा केला. काही स्वेटर बिनरंगी लोकरीचे विणून, शिवून ठेवायचे. कोणता रंग खपतो हे दुकानांतून कळले, की तयार कपडाच रंगात बुडवायचा. असे रंगवणे महाग पडे, कपडा आटण्याचीही धास्ती. पण पडून राहिलेल्या मालापेक्षा ते परवडे. बहुरंगी नक्षीच्या स्वेटरांना मात्र ही युक्ती चालेना. त्यांची लोकर आधीच रंगवावी लागे.