कार्यालयातील प्रथमोपचार पेटी : मोजदाद, मुदत आणि फेरभरणी

ब्रिटनमधील बहुतेक कार्यालयांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर हिरव्या रंगाची आणि पांढऱ्या फुलीची पेटी लटकलेली असते. तिच्या झाकणावर बहुधा एक तारीख असते आणि ती उलटून गेली नसेल तर पेटी ठीक आहे असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे. पेटीला स्वतःची अशी मुदत नसते. मुदत असते ती आतील प्रत्येक वस्तूला, आणि एकाच वस्तूच्या दोन बॅचेसची मुदतही वेगळी असू शकते. शिवाय मुदत शिल्लक असलेली वस्तू पुरेशा संख्येने आत आहे की नाही, हे कोणतीही तारीख सांगत नाही. म्हणून पेटीची देखभाल तारखेवर नव्हे, तर वस्तूनिहाय मोजलेल्या यादीवर आधारावी लागते.

यादी कोठून घ्यावी

ग्रेट ब्रिटनमध्ये १९८१ च्या आरोग्य व सुरक्षा (प्रथमोपचार) नियमांनुसार पुरेशी आणि योग्य साधने पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पेटीत काय असावे याची सक्तीची यादी मात्र नियमांत नाही. कामातील धोके पाहून मालकानेच ती ठरवायची असते. कमी धोक्याच्या कार्यालयासाठी आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळ, म्हणजे ‘एचएसई’, एक किमान नमुना सुचवते. पुढील उदाहरणात तोच वापरला आहे. ब्रिटिश मानक बीएस ८५९९ नुसार तयार मिळणाऱ्या पेट्यांत याहून अधिक वस्तू असतात. कार्यालयाने तशी पेटी घेतली असेल, तर मोजणीही तिच्याच यादीप्रमाणे करावी.

अमेरिकेतील वाचकांनी ही यादी उचलू नये. तेथे सामान्यतः एएनएसआय झेड३०८.१ या मानकाची ‘क्लास ए’ यादी वापरतात आणि तिच्यात प्रतिजैविक मलमाच्या व भाजण्यावरील मलमाच्या पुड्याही असतात. ब्रिटनमध्ये मात्र गोळ्या आणि औषधे पेटीत ठेवू नयेत असा सल्ला आहे. हृदयविकाराच्या संशयित झटक्यासाठी ठेवलेली ॲस्पिरिन हा त्याला मान्य असलेला अपवाद. कोणी सद्‌भावनेने ठेवलेली पॅरासिटामोलची पट्टी किंवा गावाहून आणलेला बाम मोजणीच्या वेळी बाहेर काढून ज्याचा त्याला परत द्यावा. यादी देशागणिक बदलते, मोजण्याची रीत मात्र सर्वत्र चालते.

वेष्टनावरील तारीख कशी वाचावी

निर्जंतुक वस्तूच्या वेष्टनावर वाळूच्या घड्याळाचे चिन्ह असते. त्याच्या शेजारची तारीख ही वापराची अंतिम मुदत. कारखान्याच्या आकृतीशेजारची तारीख उत्पादनाची असते. या दोहोंची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक होय, आणि तिच्यामुळे चांगला माल फेकला जातो. तारीख वर्ष-महिना एवढीच असेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वस्तू चालते. म्हणजे २०२५-०८ याचा अर्थ ३१ ऑगस्ट २०२५. नोंद करताना हा पूर्ण दिवस लिहावा, म्हणजे पुढे हिशेब करताना संदिग्धता राहत नाही.

मुदत संपलेली निर्जंतुक वस्तू वापरू नये. तिच्यावर तारीखच नसेल, तर ती किती काळ ठेवता येते हे उत्पादकाला विचारावे. निर्जंतुक नसलेल्या आणि तारीख नसलेल्या वस्तूबाबत ती कामास योग्य आहे का, एवढेच पाहायचे असते. पिनेला गंज, हातमोज्यांना चिकटपणा किंवा भेगा दिसल्या तर ती वस्तू बाद.

तारीख शिल्लक असूनही वस्तू निकामी असू शकते. निर्जंतुकपणा टिकतो तो वेष्टन अखंड असेपर्यंतच. कडेची शिवण सुटलेली, कागद ओला होऊन सुकल्याचा डाग असलेला किंवा कात्रीच्या टोकाने भोक पडलेले पाकीट मोजणीत धरू नये. म्हणून पेटी नुसती वरून पाहणे पुरत नाही. सर्व वस्तू टेबलावर मांडून एकेक हातात घ्यावी लागते.

एका मोजणीचा हिशेब

अठरा जणांचे एक कार्यालय घेऊ. मोजणी २ जून २०२५ रोजी झाली. पुढील मोजणी तीन महिन्यांनी, १ सप्टेंबरला. मागवलेला माल हाती येण्यास दोन आठवडे धरले आहेत. म्हणजे आज न मागवलेली वस्तू १ सप्टेंबरला उणी आढळली, तर ती १५ सप्टेंबरपर्यंत मिळणार नाही. म्हणून निकष असा : १५ सप्टेंबरपूर्वी ज्या वस्तूची मुदत संपते, ती आजच उणी समजायची.

| वस्तू | हवी | आढळली | मोजणीत धरली | मागवायची |
|---|---|---|---|---|
| माहितीपत्रक | १ | १ | १ | ० |
| निर्जंतुक प्लास्टर, विविध आकार | २० | १४ | ९ | ११ |
| निर्जंतुक आय पॅड | २ | २ | १ | १ |
| त्रिकोणी पट्टी | २ | २ | २ | ० |
| सेफ्टी पिन | ६ | ४ | ४ | २ |
| मोठे निर्जंतुक ड्रेसिंग | २ | २ | ० | २ |
| मध्यम निर्जंतुक ड्रेसिंग | ६ | ६ | ६ | ० |
| वापरून टाकायचे हातमोजे, जोड्या | ३ | १ | १ | २ |

तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातील फरक हेच या तक्त्याचे सार आहे. चौदा प्लास्टरांपैकी पाचांची मुदत एप्रिलअखेर संपली होती. नऊंवर २०२७-०३ होते. ती दोन वेगळ्या वेळी भरलेली होती आणि एकाच पिशवीत मिसळली होती, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फक्त नवी तारीख दिसली असती. एका आय पॅडची शिवण सुटली होती. मोठी ड्रेसिंग्ज संख्येने पुरी आणि त्या दिवशी वापरण्याजोगीही होती, परंतु त्यांच्यावर २०२५-०८ होते. नुसती ‘मुदत संपली का’ असे विचारणाऱ्या यादीने त्यांना बरोबरची खूण दिली असती आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेटीत एकही मोठे ड्रेसिंग राहिले नसते. ती बाद झालेली नाहीत. नवी येईपर्यंत ती पेटीतच राहतील.

हातमोज्यांची गोष्ट वेगळी. ते मुदतीमुळे नव्हे, तर वापरामुळे संपतात. मुदतीची आठवण कितीही अचूक असली तरी ही उणीव तिच्या लक्षात येणार नाही.

नोंद ठेवण्याची रीत

स्प्रेडशीटमध्ये एका वस्तूसाठी एक ओळ न ठेवता एका बॅचसाठी एक ओळ ठेवावी. पहिल्या रकान्यात वस्तू, मग हवी असलेली संख्या, बॅच क्रमांक, हाती असलेली संख्या आणि पाचव्यात मुदतीचा पूर्ण दिवस. वरील उदाहरणात प्लास्टरांच्या दोन ओळी होतील. मोजणीत धरण्याजोगी संख्या पुढील सूत्राने मिळते :

```
=SUMIFS(D:D,A:A,"प्लास्टर",E:E,">="&TODAY()+105)
```

यातील १०५ म्हणजे पुढील मोजणीपर्यंतचे ९१ दिवस आणि माल येण्याचे १४ दिवस. मोजणी दरमहा होत असेल, तर हा आकडा त्या प्रमाणात कमी करावा. हा आकडा मोजणीच्या दिवसासाठीच आहे. अधल्यामधल्या दिवशी ही शीट पाहिली तर ती गरजेपेक्षा पुढचे पाहील. दुसरी अडचण तारीख नसलेल्या वस्तूंची. मुदतीचा रकाना रिकामा ठेवला, तर सूत्र त्यांना मोजतच नाही आणि पेटीत पिना असूनही शून्य दाखवते. अशा ओळीत पुढील वर्षातील एखादा तपासणीचा दिवस लिहावा आणि शेजारी ‘तपासणी’ असा शेरा द्यावा.

दोन मोजण्यांच्या मधल्या काळासाठी पेटीत एक कागद आणि पेन्सिल ठेवावी. वस्तू घेणाऱ्याने तारीख, वस्तू आणि संख्या एवढेच लिहायचे. दुखापत कोणाला व कशी झाली हे येथे लिहू नये. ती माहिती अपघात नोंदवहीत जाते आणि ती वही इतरांच्या नजरेआड ठेवावी लागते. लोक कागदावर लिहायला विसरतात, म्हणून पेटीला सहज तुटणारे प्लास्टिकचे सील लावावे. सील तुटलेले दिसले की तारखेची वाट न पाहता मोजणी करावी. कुलूप मात्र कधीही लावू नये.

आठवण कोणाला आणि कशाची

कॅलेंडरातील आठवण एका व्यक्तीच्या नावे असेल, तर ती व्यक्ती नोकरी सोडते किंवा दिवाळीच्या सुट्टीत भारतात जाते तेव्हा आठवणही तिच्याबरोबर जाते. म्हणून ती कार्यालयाच्या सामायिक मेलपेटीला जावी आणि प्रथमोपचाराची जबाबदारी असलेल्या व्यक्तीखेरीज आणखी एकाला दिसावी.

एका आठवणीने भागत नाही. पहिली मोजणीच्या दिवसाची. दुसरी, मागणी नोंदवल्यानंतर दोन आठवड्यांची : माल पेटीत ठेवला का? मागणी नोंदवली की काम संपले असे मानले जाते आणि आलेला खोका स्वागतकक्षाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून राहतो. वरील उदाहरणात ही दुसरी आठवण १६ जूनची होईल आणि ती पेटी पुन्हा मोजल्यावरच बंद करायची. नवा माल ठेवताना त्यावरील मुदत तपासून घ्यावी, कारण दुकानातून येणाऱ्या मालाची मुदतही कधी कधी थोडीच उरलेली असते. लवकर संपणारा माल वर आणि उशिरा संपणारा खाली ठेवावा.

काढलेल्या मुदतबाह्य पट्ट्या प्रथमोपचाराच्या सरावासाठी चालतात. त्यांवर जाड अक्षरांत ‘सरावासाठी’ असे लिहून त्या वेगळ्या कपाटात ठेवाव्यात. पेटीच्या तळाशी ‘नसल्यापेक्षा बरी’ म्हणून ठेवलेली जुनी पट्टी पुढच्या मोजणीत संख्येत धरली जाते, आणि मग कागदावर भरलेली पेटी प्रत्यक्षात रिकामी राहते.