तळटीप : मावशींच्या मांडीवरची काळी खपली

* म्हैसूरच्या घरी मावशींच्या मांडीवर उठलेली ही खपली साध्या गळवाची नव्हे. लेखिकेने टिपलेल्या खुणांवरून तो कॅल्सिफिलॅक्सिस असावा. डायलिसिसवरच्या पुष्कळ रुग्णांच्या मोठ्या धमन्यांत कॅल्शियम साचतं. इथे ते कातडीतल्या आणि तिच्याखालच्या चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत साचतं, त्या चोंदतात आणि वरची कातडी रक्तावाचून मरते. म्हणून आधी जाळीसारखे जांभळे डाग, हाताला लागणारा घट्टपणा आणि मग काळी खपली. वेदना जखमेच्या मानाने फार मोठी असते; मावशींना लुगड्याचा काठही सोसवेना, ते याचमुळे.

स्थूलपणा, मधुमेह, वाढलेलं फॉस्फरस हे धोके मावशींना होतेच. माझं लक्ष मात्र थांबलं ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी चालू असलेल्या वॉरफॅरिनवर. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसू न देणाऱ्या एका प्रथिनाला ‘के’ जीवनसत्त्व लागतं. वॉरफॅरिन नेमकं तेच अडवतं. डॉक्टरांनी ती गोळी बदलली, कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या आणि डायलिसिसच्या शेवटच्या तासात शिरेतून सोडियम थायोसल्फेट सुरू केलं. त्याची नेहमीची मात्रा २५ ग्रॅम असते. काहींच्या जखमा त्याने भरतात, पण खात्रीचा पुरावा अजून तोकडा आहे. जखमेतून रक्तात जंतू शिरणं हे मृत्यूचं मोठं कारण. वर्षभरात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर असा दुखरा डाग दिसताच त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. – संपादक