चंद्रावरचे खड्डे कुणी काढले?

कोजागिरीला जाफराबादच्या आमच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि माझा चुलतभाऊ नवा फोन चंद्रावर रोखून उभा होता. झूम शेवटपर्यंत ताणलेला. फोटो निघाला आणि हातोहात फिरला. काळपट सपाट मैदानं, खाली टायको नावाचं विवर, त्याची गोल कडा, त्यातून चहूकडे फुटलेले पांढरे पट्टे. सगळं लख्ख. आकाशात पातळ ढग होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते काकांच्या. त्यांच्याकडे जुनी दुर्बीण आहे. तिच्यातून बराच वेळ बघून ते म्हणाले, "मला तर एवढं काही दिसेना."

"काका, दुर्बीण जुनी झाली तुमची," भाऊ म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले, पण दुर्बीण पिशवीत घालून ठेवली. ते मला लागलं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, कॅमेऱ्यांशी माझा संबंध नाही. पण हा हिशेब घालायला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पुरतं. प्रकाश बारीक भोकातून आला की थोडा पसरतो, त्यामुळे ताऱ्यासारखा बिंदूसुद्धा छोटा ठिपका होऊन उमटतो. भोक जितकं लहान, तितका ठिपका मोठा. फोनच्या लांब पल्ल्याच्या लेन्सचं तोंड साधारण 5 मिलिमीटर धरा. त्या मापाला जो ठिपका येतो, तसे चंद्राच्या रुंदीत जेमतेम 65 ते 70 बसतात. चंद्राचा व्यास 3,475 किलोमीटर, म्हणजे एक ठिपका चंद्रावरचे सुमारे 50 किलोमीटर व्यापतो. टायको 85 किलोमीटरचं आहे. त्याच्या वाट्याला दीड ठिपका आला. दीड ठिपक्यात उजळ डाग दिसेल, रेखीव कडा कशी दिसणार? उलट काकांच्या दुर्बिणीची पुढची काच 50 मिलिमीटरची, फोनच्या दहापट. दिसायचं असेल तर तिच्यातून जास्त दिसायला हवं.

यावर फोनच्या बाजूनं एक खरा युक्तिवाद आहे. आपण बटण एकदा दाबतो तेव्हा फोन एक फोटो काढत नाही, लागोपाठ अनेक काढतो. हात किंचित हलतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत चंद्र पिक्सेलच्या अंशानं सरकलेला असतो. हे सगळे फोटो एकमेकांवर नीट बसवून सरासरी काढली की गोंगाट, म्हणजे अंधारात दिसणारे ते रंगीत दाणे, कमी होतो आणि पिक्सेलच्या फटीत हरवलेलं थोडं बारकाव्याचं काम परत मिळतं. कम्प्युटेशनल फोटोग्राफीचा हा प्रामाणिक भाग. रात्रीचे आपले बहुतेक चांगले फोटो याच्यावर उभे आहेत. पण लेन्समधून जे आत आलंच नाही, ते कितीही फोटो मिळवले तरी बेरजेत येत नाही. शून्यांची बेरीज शून्यच.

मग कडा आली कुठून? 2023 च्या मार्चमध्ये टोपणनावानं लिहिणाऱ्या एका हौशी फोटोग्राफरनं हे सॅमसंगच्या फोनवर तपासलं. त्यानं चंद्राचा एक चांगला फोटो घेतला, तो 170 बाय 170 पिक्सेल इतका बारीक केला, वर धूसर केला आणि मोठा करून मॉनिटरवर लावला. खोलीतले दिवे बंद केले, पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथून झूम करून त्या पडद्याचा फोटो काढला. पडद्यावर धूसर गोळा होता, फोनमध्ये विवरं उमटली.

आता कुणी म्हणेल, धूसरपणा गणितानं थोडा उलटा फिरवता येतो, त्यात लबाडी नाही. बरोबर आहे. म्हणून त्याची पुढची चाचणी मला जास्त आवडते. त्यानं चित्रातले ठरावीक मर्यादेपलीकडचे सगळे उजळ भाग सरसकट पूर्ण पांढरे करून टाकले. 255 म्हणजे 255, दुसरं काही नाही. तिथं परत मिळवण्यासारखी माहितीच उरली नव्हती. फोननं त्या कोऱ्या पांढऱ्यावरही पोत भरला. नंतर त्यानं दोन धूसर चंद्र शेजारी शेजारी ठेवले, तर एका चंद्रावर बारकावे आले आणि दुसरा होता तसाच राहिला. लेन्सचा गुण असता तर तो दोघांनाही लागू झाला असता.

सॅमसंगनं त्याच महिन्यात खुलासा केला. सीन ऑप्टिमायझर चालू असलं की फोन आधी ओळखतो की समोर चंद्र आहे, मग उजेड कमी करतो, दहाहून जास्त फोटो एकत्र करतो आणि शेवटी शिकवलेल्या मॉडेलकडून बारकावे खुलवतो. चंद्रावर दुसरं चित्र चिकटवत नाही, असंही कंपनी म्हणाली. माझ्या मते हे खरं असू शकतं आणि तरी कडा खोटी असू शकते. चिकटवायला तयार चित्र लागत नाही. हजारो चंद्र पाहिलेल्या मॉडेलला "अशा डागाशेजारी बहुधा अशी कडा असते" एवढं ठाऊक असलं की पुरे. आणि चंद्र त्यासाठी आदर्श गिऱ्हाईक आहे. तो स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात फिरतो, म्हणून जाफराबादवरून काय न् जपानवरून काय, तोच चेहरा दिसतो, फार तर थोडा तिरका. माणसाचा चेहरा असा पाठ करता येत नाही.

गंमत म्हणजे हे 1874 मध्येही झालंय. वाफेचा हातोडा बनवणारा जेम्स नॅस्मिथ, म्हणजे आपल्याच बिरादरीतला, आणि जेम्स कारपेंटर यांनी चंद्रावर एक पुस्तक काढलं. दुर्बिणीला कॅमेरा लावून विवरांचे जवळचे फोटो तेव्हा नीट येत नसत. म्हणून नॅस्मिथनं दुर्बिणीतून पाहून चित्रं काढली, त्यावरून प्लास्टरची विवरं आणि डोंगर घडवले, ते उन्हात तिरपे ठेवले आणि त्यांचे फोटो छापले. आजही पाहताना क्षणभर वाटतं, हा चंद्रच. पण त्याचे डोंगर टोकदार, सुळक्यांसारखे आहेत. पुढे यानं तिथं गेली तेव्हा खरे डोंगर गोलसर, बसके निघाले. पाहिलेल्या सावल्यांवरून त्यानं जो अंदाज बांधला, तो प्लास्टरमध्ये उतरला होता. फरक इतकाच, की फोटो प्लास्टरचे आहेत हे त्यानं पुस्तकात सांगितलं होतं.

दिवाळीनंतर काही दिवसांनी मी भावाला घेऊन तोच प्रयोग घरी केला. पहिले दोन फोटो धूसरच आले आणि तो खूश झाला. मग दिवे घालवले, आम्ही लॅपटॉपपासून पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकलो, आणि फोननं तो गोळा चंद्र मानला. मी पांढरा करून टाकलेल्या भागावर खवले उमटले. भाऊ दोन्ही बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिला.

नंतर गच्चीवर जाऊन त्यानं सेटिंग बंद केलं, उजेड हातानं कमी केला आणि खऱ्या चंद्राचा फोटो काढला. चतकोर भाकरीवर दोन-तीन राखाडी डाग. तो त्यानं काकांना दाखवला. काकांनी दुर्बीण काढली, एकदा चंद्राकडे आणि एकदा फोनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हां, हे जमतंय."

स्टेटसला मात्र कोजागिरीचाच फोटो राहिला.