फोटोतल्या वर्गीकृत सारणीवरून मध्य, मध्यक आणि बहुलक कसे काढायचे?

दहावीतल्या माझ्या भाचीने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर वर्कशीटचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, मध्य बरोबर येतोय, पण मध्यक आणि बहुलक दोन्ही अर्ध्याने चुकतायत. उद्या चाचणी आहे." ही चूक बऱ्याच जणांची होते, म्हणून आम्ही ती कशी शोधली ते इथे सांगतो.

आधी फोटो नीट वाचा

सारणी घरापासून शाळेपर्यंत लागणाऱ्या वेळेची (मिनिटे) होती. फोटो तिरका आणि थोडा धूसर असल्याने दुसरी वारंवारता मी १८ वाचली. बेरीज आली ५५. भाचीने फोटो कापून पाठवला होता, त्यामुळे वरची प्रश्नाची ओळ दिसत नव्हती. ती मागवली, तर त्यात "५० विद्यार्थी" असं स्पष्ट होतं. म्हणजे तो आकडा १८ नसून १३ होता. म्हणून फोटो काढताना प्रश्नाची ओळही घ्या, आणि गणित सुरू करण्याआधी वारंवारतांची बेरीज त्या संख्येशी जुळवा.

दुरुस्त केलेली सारणी अशी:

| वेळ (मिनिटे) | विद्यार्थी |
|---|---|
| १०–१९ | ५ |
| २०–२९ | १३ |
| ३०–३९ | २० |
| ४०–४९ | ८ |
| ५०–५९ | ४ |

शीटमध्ये भरताना

वर्ग एकाच चौकटीत `10-19` असा टाइप करू नका. स्प्रेडशीट त्याला तारीख समजू शकते. खालची मर्यादा A मध्ये, वरची B मध्ये आणि वारंवारता C मध्ये, दुसऱ्या ओळीपासून भरा. D मध्ये वर्गमध्य आणि E मध्ये संचित वारंवारता काढा. ही दोन सूत्रं लिहून खाली सहाव्या ओळीपर्यंत ओढा:

```
D2: =(A2+B2)/2
E2: =SUM(C$2:C2)
```

इथे `AVERAGE` आणि `MEDIAN` ही तयार फंक्शन्स C स्तंभावर लावायचा मोह होतो. तसं केलं तर १० आणि ८ अशी उत्तरं येतात. पण ती मिनिटे नाहीत, विद्यार्थ्यांच्या संख्या आहेत! शाळेत पोहोचायला कोणालाच १० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागत नाही, मग मध्यक ८ कसा असेल?

मध्य असा काढा:

```
=SUMPRODUCT(C2:C6,D2:D6)/SUM(C2:C6)
```

१६५५ भागिले ५०, म्हणजे ३३.१ मिनिटे. भाचीचंही हेच उत्तर होतं.

अर्धा कुठे हरवला?

मध्यकासाठी N/2 म्हणजे २५. संचित वारंवारता ५, १८, ३८ अशी वाढते, म्हणजे पंचविसावा विद्यार्थी ३०–३९ या वर्गात आहे. भाचीने वर्गाची खालची मर्यादा ३० घेतली आणि ३३.५ उत्तर काढलं. पण हे वर्ग सलग नाहीत. एक वर्ग २९ ला संपतो आणि पुढचा ३० ला सुरू होतो, मधे एकाचं अंतर आहे. ते अर्धं अर्धं वाटून वर्ग सलग करायचे, म्हणजे ३०–३९ चा २९.५–३९.५ होतो. मर्यादा L = 29.5 आणि वर्गांतर h = 10. ३९ वजा ३० करून h = 9 घेणं हीसुद्धा नेहमीची चूक.

```
मध्यक: =(A4-0.5)+(SUM(C2:C6)/2-E3)/C4*10
बहुलक: =(A4-0.5)+(C4-C3)/(2*C4-C3-C5)*10
```

मध्यक ३३ येतो. सर्वांत जास्त वारंवारता २० असल्याने बहुलकाचा वर्गही तोच, आणि बहुलक ३३.१८. भाचीचा ३३.६८ आला होता.

मग तिचा मध्य कसा बरोबर आला? कारण ३० व ३९ चा वर्गमध्य ३४.५ आहे आणि २९.५ व ३९.५ चाही ३४.५ च. दोन्ही टोकं सारखीच सरकल्याने मधला बिंदू हलत नाही. म्हणून मध्य जुळतोय आणि बाकी दोन्ही उत्तरं नेमकी ०.५ ने जास्त येतायत, असं दिसलं की वर्ग सलग करायचे राहिलेत हे लगेच ओळखा. सारणी १०–२०, २०–३० अशी असेल तर मात्र ०.५ वजा करायचं नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बेरीज जुळली तरी दोन आकडे उलटसुलट चुकून एकमेकांची भरपाई करू शकतात. शेवटी प्रत्येक ओळ फोटोशी एकदा ताडून पाहा.