कुत्र्याच्या पिल्लाला एकच लस तीन-चार वेळा का देतात? लसीचं वेळापत्रक आणि आहार समजून घ्या

घरी पिल्लू आणलं, पहिली लस दिली आणि आठवड्याभरात फिरायलाही नेलं. अनेक घरांत इथेच चूक होते. पहिली लस दिल्यानंतरही पिल्लाला पार्व्होचा धोका कायम असतो.

याचं कारण आईच्या दुधात आहे. जन्मानंतर पहिल्या दिवशी मिळणाऱ्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला आजारापासून वाचवतात, पण लसीचा परिणामही रोखतात. ती नेमकी कधी संपतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. कुणाची आठ आठवड्यांत संपतात, कुणाची अगदी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस दिली जाते.

समजा, पिल्लू ४५ दिवसांचं असताना पहिली लस झाली. मग पुढच्या लसी साधारण ६६व्या, ८७व्या आणि ११२व्या दिवशी येतील. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास देतात, म्हणजे ८७व्या दिवसाच्या भेटीत ती देता येईल. नेमक्या तारखा मात्र पशुवैद्यकच पिल्लाला तपासून ठरवतात. पिल्लू आजारी असेल तर ते लस पुढे ढकलतात.

आणि इथेच आहाराचा संबंध येतो. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की दूध-पोळी ठरलेली. पण आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब होतात. मग लसीची तारीख हुकते. त्याहून वाईट म्हणजे, 'दुधामुळेच झालं असेल' असं समजून खरा पार्व्हो अंगावर काढला जातो.

त्यामुळे सुरुवातीला पिल्लू जे खात होतं तेच द्या. बदल करायचा असेल तर नवं अन्न आठवडाभर थोडं थोडं मिसळत वाढवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा खायला देतात. 'पपी' असं लिहिलेलं खाद्य वयाला साजेसं असतं. घरचं द्यायचं तर नुसता भात-चिकन पुरेसं नाही, त्यात कॅल्शियम कमी पडतं. प्रमाण पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका मात्र अजिबात नकोत. आपल्या आमटी-रश्श्यात कांदा असतोच, हे विसरू नका.

साध्या अपचनात पिल्लू बहुतेकदा खेळतं, खायला मागतं. पार्व्होमध्ये ते मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या होतात आणि घाण वासाचे, अनेकदा रक्ताचे जुलाब होतात. असं दिसलं तर घरगुती औषधं देत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. निघण्याआधी फोन करून पार्व्होची शंका असल्याचं सांगा, म्हणजे तिथे लसीसाठी आलेल्या पिल्लांपासून त्याला वेगळं ठेवता येईल.