पंधरा एकरांचे पाच हिस्से

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला की त्याची विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना आज सारखाच हिस्सा मिळतो. ही बरोबरी अलीकडची आहे. मिताक्षरेच्या क्रमात मुलगा असला की सगळी मिळकत त्याची. विधवेला अन्नवस्त्राचा हक्क. मुलगा, नातू, पणतू यांपैकी कोणी नसेल तर आधी विधवा, मग मुलगी, मुलीचा मुलगा आणि त्यानंतर आई. म्हणजे पुढचा वारस हयात असेपर्यंत मागच्याच्या हाती काहीच यायचे नाही.

हा क्रम पहिल्यांदा सैल केला तो १९३७च्या कायद्याने. डॉ. गो. वि. देशमुखांच्या विधेयकातून तो आला. त्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, पण फक्त हयातीपुरता. सर्वसाधारणपणे तिला तो विकता येत नव्हता आणि तिच्यामागे तो पतीच्या वारसांकडे परत जायचा. मुलगी आणि आई तेव्हाही बाहेरच राहिल्या. हिंदू संहितेच्या विधेयकावरून वर्षानुवर्षे वाद झाला, १९५१मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले, आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अखेर चौघांनाही पहिल्या वर्गात बसवले, तेही पूर्ण मालकीने. वडील मात्र दुसऱ्या वर्गात राहिले. पहिल्या वर्गातले कोणीही असेल, तर त्यांना काही मिळत नाही.

आता मोजणी पाहू. एका शेतकऱ्याची स्वकष्टार्जित पंधरा एकर जमीन आहे. मागे विधवा, आई, एक मुलगा, एक मुलगी. दुसरा मुलगा आधीच वारला, त्याची बायको आणि दोन मुले आहेत. आधी हिस्से मोजायचे, माणसे नंतर. विधवा, आई, मुलगा, मुलगी यांचा प्रत्येकी एक आणि मृत मुलाच्या शाखेचा मिळून एक, असे पाच. प्रत्येक हिस्सा तीन एकरांचा. शाखेच्या तीन एकरांत सून आणि दोन नातवंडे यांना एकेक एकर. सातही वारसांत सरसकट वाटणी केली की हिशेब चुकतो. जमीन वडिलोपार्जित असेल, तर आधी मृताचा त्यातला हिस्सा वेगळा काढावा लागतो आणि तेवढाच असा वाटला जातो.

वारस नोंदीत सर्वांत जास्त गळते ते आईचे नाव. ‘तिचं वय झालंय, तिला कशाला?’ म्हणून तलाठ्याकडच्या अर्जात तिचा उल्लेखच नसतो. पण तिचा हक्क मुलाच्या मृत्यूच्या क्षणीच उभा राहतो. नोंद राहिली म्हणून तो बुडत नाही. पुढे ती मृत्युपत्राविना गेली, तर तिचे तीन एकर तिच्या स्वतःच्या वारसांकडे जातात. तिला आणखी एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर त्यांना एकेक एकर आणि उरलेला एक या मृत शेतकऱ्याच्या मुलांना. त्या एकरात त्याच्या विधवेला वाटा नसतो. वर्षांनंतर काका आणि आत्या दाव्यात उभे राहतात ते याच वाटेने, आणि कायद्याने ते बरोबर असतात.