जुन्या मोटारीचे कर्ज : दर, स्वभांडवल आणि वयाचे गणित

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन ग्रामीण तालुके. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे लोहमार्ग जातो खरा, पण खुद्द शहापूर गावाला आसनगाव स्थानक गाठावे लागते. मुरबाडला तर अद्याप रेल्वेच नाही. नोकरी, महाविद्यालय वा रुग्णालयासाठी कल्याणला जायचे ते रस्त्यानेच. त्यामुळे या भागात मोटार ही हौसेपेक्षा गरजेची वस्तू ठरते, आणि नव्या गाडीची किंमत झेपत नसेल तर कल्याण, ठाणे वा मुंबईतून जुनी गाडी घेण्याकडे अनेकांचा कल असतो. गाडी निम्म्या किमतीत मिळते, म्हणजे कर्जाचा भारही निम्माच होईल, असा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचे तीन नियम वेगळे असतात आणि ते तिन्ही एकाच दिशेने, म्हणजे खरेदीदारावरील तात्काळ भार वाढवण्याच्या दिशेने काम करतात.

व्याजदरातील फरक कशामुळे?

वाहनकर्जात गाडी हेच तारण असते. आरसी बुकावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद होते आणि कर्ज थकल्यास बँक ती गाडी विकून वसुली करते. नव्या गाडीचा घसारा किती होईल, याचा अंदाज बँकेला असतो. जुन्या गाडीचे तसे नसते. ती कशी चालवली, कितीदा आपटली, उल्हास नदीच्या पुरात बुडाली होती काय, हे कागदावर दिसत नाही. तारणाच्या किमतीबाबतची ही अनिश्चितता बँक दरात वसूल करते.

सध्या चांगली पतनोंद असलेल्या पगारदार ग्राहकाला नव्या गाडीसाठी बँकांकडून साधारणतः ८ ते १० टक्के दराने कर्ज मिळते. जुन्या गाडीसाठी हाच ग्राहक गेला तर दर ११ ते १५ टक्क्यांच्या घरात असतो. बिगर बँक वित्तसंस्था त्याहूनही अधिक दर आकारतात. मात्र ज्यांच्याकडे पगारपत्रक वा प्राप्तिकर विवरणपत्र नाही, अशा शेतकऱ्यांना, दूधव्यावसायिकांना आणि वीटभट्टीचालकांना बहुधा त्यांच्याकडेच जावे लागते.

आणखी एक फरक फारसा लक्षात घेतला जात नाही. नव्या गाडीचे कर्ज अनेक बँकांत बदलत्या दराचे असते. रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा रेपोशी जोडलेल्या कर्जांना त्याचा लाभ मिळाला. जुन्या गाडीचे कर्ज मात्र बहुतेक ठिकाणी स्थिर दराचे असते. दर खाली आले तरी हप्ता तोच राहतो. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. स्थिर दराच्या कर्जांना ही सवलत लागू नाही. भातपिकाचे वा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हाती येताच कर्ज फेडून टाकू, असा ज्यांचा विचार असेल त्यांनी करारातील हे कलम सहीपूर्वीच वाचावे.

किंमत एक, मूल्यांकन दुसरे

स्वभांडवल, म्हणजेच रूढ भाषेतील डाऊन पेमेंट, हा दुसरा आणि सर्वाधिक गोंधळाचा मुद्दा. नव्या गाडीला बिलाचा आधार असतो. बँक ऑन रोड किमतीच्या सुमारे ८५ ते ९० टक्के रक्कम देते. काही बँका शोरूम किमतीइतके पूर्ण कर्जही देतात. जुन्या गाडीत खरेदीदार व विक्रेता यांच्यात ठरलेला भाव बँक मानत नाही. ती आपल्या मूल्यमापकाला पाठवते. तो चासी क्रमांक व इंजिन क्रमांक ताडून पाहतो, किलोमीटरची नोंद, टायर, रंगकाम, विम्याचा इतिहास तपासतो आणि एक रक्कम सांगतो. ठरलेला भाव आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या ७० ते ८५ टक्के कर्ज मंजूर होते. मधले अंतर ग्राहकाने रोखीने भरायचे.

वयाची दुहेरी अट

तिसरी अट वयाची, आणि ती दोघांच्या वयाची असते. कर्जदार साधारणतः २१ वर्षे पूर्ण केलेला असावा आणि शेवटच्या हप्त्याच्या वेळी पगारदार असल्यास निवृत्तीच्या वयापलीकडे, व्यावसायिक असल्यास ६५ ते ७० वर्षांपलीकडे नसावा. ही अट नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांना जवळपास सारखीच आहे.

जुन्या गाडीत मात्र गाडीचेही वय मोजले जाते, आणि तेही आजचे नव्हे तर कर्ज संपेल त्या दिवशीचे. ही मर्यादा संस्थेनुसार ८ ते १० वर्षे असते. काही वित्तसंस्था १२ वर्षांपर्यंत जातात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि नंतर तिचे नूतनीकरणही होते, मग बँकेची मर्यादा इतकी अलीकडे का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कारण असे की, बँकेला गाडी रस्त्यावर चालण्याशी नव्हे, तर विकली जाण्याशी कर्तव्य असते.

या मर्यादेतून परतफेडीची मुदत ठरते. नव्या गाडीला सात वर्षांपर्यंत मुदत मिळते, जुन्या गाडीला सर्वसाधारणपणे पाच. पण मर्यादा १० वर्षांची आणि गाडी ६ वर्षांची असेल तर चारच वर्षे मिळतात. काही संस्था वय नोंदणीच्या तारखेपासून न धरता उत्पादनाच्या महिन्यापासून धरतात. जानेवारीत नोंदलेली गाडी आदल्या वर्षी बनलेली असू शकते, म्हणून आरसी बुकातील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहणे आवश्यक आहे.

एक उदाहरण

समजा, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका कामगारापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, ७ लाख रुपये ऑन रोड किमतीची नवी गाडी. बँक ६ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी देते. स्वभांडवल १ लाख रुपये, मासिक हप्ता सुमारे ९,६५० रुपये.

दुसरा, कल्याणला पाहिलेली सहा वर्षांची गाडी. भाव ठरला ४ लाख. मूल्यमापकाने ३ लाख ६० हजार सांगितले. त्याच्या ८० टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजारांचे कर्ज १३ टक्के दराने मंजूर झाले. गाडीच्या वयाची मर्यादा १० वर्षे असल्याने मुदत चार वर्षे. मासिक हप्ता सुमारे ७,७२५ रुपये. स्वभांडवल १ लाख १२ हजार रुपये, म्हणजे नव्या गाडीपेक्षाही अधिक. विमा व हस्तांतरणाचा खर्च त्यावर वेगळा, कारण नव्या गाडीच्या ऑन रोड किमतीत तो धरलेला असतो.

गाडीची किंमत नव्याच्या ५७ टक्के, पण हप्ता ८० टक्के, असा हा प्रकार आहे. आता हीच गाडी सात वर्षांची असती तर? सोयीसाठी मूल्यांकन तेच धरू. मुदत तीन वर्षांवर येते आणि हप्ता ९,७०० रुपयांवर जातो. नव्या गाडीच्या हप्त्यालाही तो मागे टाकतो. वस्तुतः जुन्या गाडीचे मूल्यांकन आणखी घटेल, कर्ज कमी होईल आणि तेवढे स्वभांडवल वाढेल.

याचा अर्थ जुनी गाडी महाग पडते असा नव्हे. पहिल्या पर्यायात सात वर्षांत सुमारे २ लाख ११ हजार रुपये व्याज जाते, दुसऱ्यात चार वर्षांत सुमारे ८३ हजार. दर अधिक असूनही एकूण व्याज निम्म्याहून कमी आहे, कारण मुद्दल लहान आणि मुदत आखूड आहे. जुन्या गाडीत पैसा एकूण कमी लागतो, पण तो लवकर लागतो. ज्याच्याजवळ थोडी शिल्लक आहे आणि महिन्याचे उत्पन्न स्थिर आहे त्याला जुनी गाडी परवडते. ज्याची शिल्लकच नाही त्याला ती स्वस्त असूनही आवाक्याबाहेर जाते.

दर ऐकताना घ्यावयाची खबरदारी

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात दलाल अनेकदा ‘फक्त ८ टक्के’ असा दर सांगतात. हा दर बहुधा सपाट असतो, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहते. ३ लाखांवर ८ टक्के सपाट दराने पाच वर्षांचे व्याज १ लाख २० हजार रुपये आणि हप्ता ७,००० रुपये होतो. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर १४ टक्क्यांहून अधिक निघतो. बँकेच्या १३ टक्क्यांपेक्षा तो महाग आहे, ऐकायला मात्र स्वस्त वाटतो.

हे ओळखण्याचा मार्ग आता सोपा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन शुल्क आदी धरून एकत्रित वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना करायची ती या एका आकड्याची.

शेवटी कागदपत्रांविषयी. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले तरी आरसी बुकावरील नजरगहाणाची नोंद आपोआप जात नाही. त्याच्या बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओकडे द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर नव्या बँकेची नोंद होत नाही आणि मंजूर कर्जही अडकते. वाहन क्रमांकावरून ही नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर पाहता येते. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० आणि नव्या नजरगहाणासाठी फॉर्म ३४ लागतो. गाडी हाती आल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडेही नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो.

म्हणून विसाराची रक्कम देण्यापूर्वी क्रम असा असावा : प्रथम उत्पादनाचा महिना, मग बँकेची वयोमर्यादा व मिळणारी मुदत, त्यानंतर मूल्यांकन, आणि सर्वांत शेवटी विक्रेत्याशी भाव. भाव आधी ठरला आणि मूल्यांकन मागाहून आले, तर मधल्या तफावतीचा भार पूर्णपणे खरेदीदाराच्याच खिशावर पडतो.